काणे की काने? दोन लिप्यांतल्या दस्तातलं नाव

महाराष्ट्रात जमिनीचा किंवा घराचा व्यवहार झाला की त्याचे कागद दोन लिप्यांत वाटले जातात. सातबारा मराठीत, फेरफार मराठीत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळणारी सूची क्रमांक 2, म्हणजे सगळे जिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात, तीही मराठीत. दुसरीकडे पॅन कार्डावरचं नाव इंग्रजीत, बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र इंग्रजीत आणि परदेशात राहणाऱ्या भावंडानं पाठवलेलं कुलमुखत्यारपत्रही इंग्रजीत. दोन्हीकडची गरज भागावी म्हणून खरेदीखत पुष्कळदा दोन भाषांत केलं जातं. अटी, रक्कम आणि चतुःसीमा यांचं भाषांतर वकील ओळ न् ओळ ताडून पाहतात. नावांचं भाषांतर करायचं नसतं, म्हणून त्यांच्यावरून नजर पटकन पुढे सरकते. पुढे फेरफार किंवा कर्ज अडतं ते पुष्कळदा या नजरेआड झालेल्या अक्षरापाशी.

देवनागरीतलं नाव रोमन लिपीत गेलं की त्यातली काही माहिती कायमची गळते. ‘ण’ आणि ‘न’ दोघांना n, ‘ळ’ आणि ‘ल’ दोघांना l. ‘ठ’ आणि ‘थ’ दोघांना th. ऱ्हस्व-दीर्घ तर बहुतेकांच्या स्पेलिंगमध्ये उरतच नाही. म्हणून `Kale` वाचून ते काळे आहेत की काले, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी त्या माणसाला किंवा त्याच्या जुन्या कागदाला विचारावं लागतं. उलट दिशेला वेगळी अडचण आहे. देवनागरीत एकच असलेलं नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि चारही बरोबर असतात. श्रीकांत हे `Shrikant`, `Shreekant`, `Srikant` असं काहीही असू शकतं. ज्ञानेश्वर हे मराठी घरात `Dnyaneshwar` असतं, आणि अर्ज भरणारा हिंदीभाषक असेल तर `Gyaneshwar` होऊन येतं. नकाशे आणि गावांची नावं यांच्यासाठी लिप्यंतराच्या ठरीव पद्धती आहेत, पण माणसाच्या नावाला त्या लावता येत नाहीत. त्याचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यापासून चालत आलेलं असतं आणि तेच त्याचं कायदेशीर स्पेलिंग असतं.

यावरून माझ्या मते एकच गोष्ट ठरते. दस्तात नावाचं लिप्यंतर करायचंच नाही. देवनागरी नाव आणि इंग्रजी नाव ही जोडी सुरुवातीला कागदपत्रांवरून एकदा नक्की करायची आणि पुढे ती फक्त उतरवून घ्यायची.

हे प्रत्यक्षात कसं होतं, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. बिगरशेती झालेला एक प्लॉट विकायचा आहे. विकणाऱ्या बाईंना तो वडिलांकडून वारसानं मिळाला आहे. त्यांचं नाव आपण नमुन्यादाखल मनीषा श्रीकांत काणे असं धरू. त्यांचे कागद टेबलावर मांडले की दिसतं, की सातबाऱ्यावर ‘मनिषा श्रीकांत काणे’ आहे, ‘नि’ ऱ्हस्व. पॅन कार्डावर `MANISHA SHRIKANT KANE`. आधार कार्डावर इंग्रजी नाव पॅनसारखंच आहे, पण वरच्या मराठी ओळीत ‘मनीषा श्रीकांत काने’ छापलंय. ही ओळ इंग्रजीवरून यंत्रानं तयार केली आणि नावनोंदणीच्या वेळी कुणी ती नीट पाहिली नाही. पासपोर्ट जुना, त्यावर `Maneesha Shreekant Kane`. चार कागद, आणि एका बाईची दोन लिप्यांत मिळून चार रूपं. यात बनावट काही नाही, निष्काळजीपणाही फारसा नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यमवयीन माणसाची फाइल उघडली तर थोड्याफार फरकानं असंच दिसेल.

मसुदा लिहायच्या आधी वकिलानं किंवा मसुदा करणाऱ्यानं एका कोऱ्या कागदावर नामपत्रक करावं. प्रत्येक कागदावरचं नाव त्यात जसंच्या तसं, अक्षरही न बदलता उतरवावं. इथे सगळ्यात मोठा धोका जाणकाराकडून असतो. शुद्धलेखन येणारा माणूस ‘मनिषा’ पाहिलं की हाताच्या सवयीनं ‘मनीषा’ करतो, ‘सुनिल’चा ‘सुनील’ करतो, ‘प्रविण’चा ‘प्रवीण’. लेखात हे योग्यच आहे. दस्तात मात्र सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळण्याला महत्त्व आहे. विशेषनामाला शुद्धलेखनाचा नियम लावण्याचा अधिकार मुद्रितशोधकाला नाही.

मग मुख्य जोडी निवडायची. देवनागरीसाठी मिळकतीचा कागद प्रमाण धरावा, म्हणजे सातबारा, मिळकत पत्रिका किंवा आधीचं नोंदलेलं खरेदीखत. विकणाऱ्याचा हक्क त्या कागदातून येतो आणि फेरफार करताना तलाठी व मंडळ अधिकारी तोच कागद समोर ठेवतात. इंग्रजीसाठी पॅन प्रमाण धरावा. पैसे, कर आणि बँक या सगळ्यांची गाठ पॅनशी असते, खरेदीदारानं कापलेला करही विकणाऱ्याच्या पॅनवरच जमा होतो आणि सूची दोनमध्ये पक्षकाराच्या नावापाठोपाठ पॅन छापला जातो. आपल्या उदाहरणात जोडी अशी ठरली: ‘मनिषा श्रीकांत काणे’ आणि `Manisha Shrikant Kane`. बाई स्वतः सही करताना ‘मनीषा’ लिहितात, आणि ते त्यांना प्रिय आहे. तरी दस्तात सातबाऱ्याचं रूप घ्यावं, किंवा आधी सातबारा दुरुस्त करून घ्यावा. मधला मार्ग काढून तिसरंच रूप लिहिलं तर जुळणी कुठेच होत नाही.

उरलेली रूपं लपवायची नाहीत. ती दस्तात एकाच ठिकाणी, पक्षकारांच्या वर्णनात, उघड सांगायची. मराठी मजकूर साधा असावा: ‘श्रीमती मनिषा श्रीकांत काणे, पॅन अमुक, यांचे नाव आधार पत्रावर मनीषा श्रीकांत काने व पारपत्रावर Maneesha Shreekant Kane असे नमूद आहे, या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे.’ इंग्रजी भागात हेच वाक्य, आणि त्यातही देवनागरी रूपं देवनागरीतच. इंग्रजी दस्तात देवनागरी अक्षरं कशी घालायची, म्हणून पुष्कळजण कचरतात. पण ‘काणे’ आणि ‘काने’ हा फरक रोमनमध्ये दाखवताच येत नाही. दोन्हींचं `Kane` लिहिलं तर ते वाक्य काहीच सांगत नाही. पॅनचे 10 अंक-अक्षर पूर्ण द्यावेत. आधार क्रमांकाचे शेवटचे 4 अंक पुरेत, कारण दस्ताच्या प्रती पुढे अनेक हातांत जातात.

हे एक वाक्य पुढच्या बऱ्याच शंका संपवतं. ते नसेल तर बँक ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र मागते, आणि ते दिलं की काम बहुधा होतं. पण प्रतिज्ञापत्रानं कोणतीही सरकारी नोंद बदलत नाही. पुढच्या खरेदीदाराच्या वकिलाला तोच प्रश्न पुन्हा पडतो आणि तोवर ते प्रतिज्ञापत्र कुणाच्या तरी कपाटात हरवलेलं असतं. दस्तातलं वाक्य मात्र दस्ताबरोबर नोंदलं जातं.

आता मराठी मसुद्याची एक खास अडचण. इंग्रजीत नाव वाक्यात कुठेही आलं तरी त्याचं रूप तेच राहतं. मराठीत विभक्ती लागली की नावाचं सामान्यरूप होतं. काणे यांचं ‘काण्यांनी’, साठे यांचं ‘साठ्यांकडून’, राजाराम यांचं ‘राजारामास’. बोलताना हे सहज आहे, पण दस्तात ‘काण्यांनी’ वाचून मूळ आडनाव काणे, काण्ये की काण्या, हे त्रयस्थाला कळत नाही, आणि संगणकावर ‘काणे’ शोधलं तर ती जागा सापडत नाही. जुन्या दस्तलेखकांनी याचा बंदोबस्त केव्हाच केला होता. ते नाव मोकळं ठेवत आणि विभक्ती ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचेकडून’ या सर्वनामावर चढवत. ‘मनिषा श्रीकांत काणे यांनी’ असं लिहिलं की नावाला धक्का लागत नाही. ‘यांनी’चा मारा आजच्या सोप्या मराठीच्या आग्रहात जुनाट वाटतो, पण दस्तात तो मुळीच सोडू नये.

त्याच दस्तलेखकांची दुसरी सोय म्हणजे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. एकदा पक्षकारांचं वर्णन झालं की पुढे सगळीकडे हीच संज्ञा वापरायची. मग पूर्ण नाव दोन्ही भाषांत मोजक्याच ठिकाणी येतं: पहिलं पान, पक्षकारांचं वर्णन, मालकी हक्काचा इतिहास, मोबदल्याची पावती, सहीची जागा. इतक्या जागा डोळ्यांनी तपासता येतात. तीस पानांत नाव पन्नास वेळा आलं तर एखादं चुकतंच. मालकीचा इतिहास सांगताना मात्र जुन्या नोंदीतलं नाव जुन्याच रूपात ठेवावं लागतं. जुन्या सातबाऱ्यावर ‘गंगाबाई भ्र. रामचंद्र’ असं असतं, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. इंग्रजी करणाऱ्याला हे माहीत नसेल तर ते बाईच्या नावाचं आद्याक्षर समजून तो मध्ये `Bhr.` घालतो आणि गंगाबाईंना नसलेलं नाव चिकटतं. ‘राव’, ‘बाई’ यांचंही तसंच. ती नोंदीत असतील तर दोन्ही भाषांत ठेवावीत, नसतील तर आदरापोटी जोडू नयेत. आदर दाखवायला नावाआधीचं ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ पुरेसं आहे.

संगणकानं यात आणखी एक अदृश्य भर घातली आहे. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडकर’ अशा आडनावांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, आत साठवलेले संकेत वेगळे असतात:

```
ऱ + ् + ह          U+0931 U+094D U+0939
र + ् + ZWJ + ह    U+0930 U+094D U+200D U+0939
```

मसुद्यात एका रीतीनं आणि नोंदणीच्या माहितीत दुसऱ्या रीतीनं टाइप झालं, तर नावावरून शोध घेताना एक सापडतं आणि दुसरं नाही. ‘ॲ’चंही असंच आहे, हे अक्षर स्वतंत्र संकेतानं लिहिता येतं आणि ‘अ’ला वेगळा चंद्र जोडूनही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मसुदा युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात, ते वेगळंच. उपाय साधा आहे. नामपत्रकातली नावं युनिकोडमध्ये एकदाच टाइप करावीत, आणि मसुदा, पावती, नोंदणीची ऑनलाइन माहिती अशी प्रत्येक ठिकाणी तीच उचलून डकवावीत. हातानं पुन्हा टाइप करू नयेत.

सगळी काळजी घेऊनही नाव बिघडण्याची शेवटची जागा नोंदणीच्या आधीची माहिती-भरणी ही आहे. दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी विभागाच्या संकेतस्थळावर पक्षकारांची नावं, वय, पत्ते, पॅन भरावे लागतात, आणि सूची दोन त्या माहितीतून तयार होते. दस्तातल्या मजकुरातून ती आपोआप उचलली जात नाही. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ही माहिती बहुधा एखादा एजंट किंवा वकिलाकडचा मदतनीस भरतो. समोर इंग्रजी मसुदा असेल तर `Kane` वाचून तो ‘काने’ टाइप करतो, आणि दस्ताच्या आत मराठीत ‘काणे’ असूनही सूची दोनवर ‘काने’ छापलं जातं. म्हणून भरणाऱ्याच्या हातात मसुद्याआधी नामपत्रक द्यायला हवं.

नोंदणी पक्की होण्याआधी भरलेल्या माहितीचा गोषवारा छापून मिळतो. त्या वेळी कार्यालयात गर्दी असते, अंगठा आणि फोटो यांची घाई असते, आणि लोक तो कागद न वाचताच पुढे करतात. तिथे पाच मिनिटं थांबावं. वाचणारे दोघे असावेत: एकानं नामपत्रकावरून अक्षर-अक्षर उच्चारावं, दुसऱ्यानं गोषवाऱ्यावर बोट ठेवावं. नुसतं ‘काणे’ म्हणून चालत नाही, कारण कानाला ण आणि न यांत फरक कळेलच असं नाही. ‘बाणातला ण’, ‘बाळातला ळ’, ‘पोटफोड्या ष’, ‘पहिली वेलांटी’ असं शाळेसारखं म्हणावं. ही रीत पोरकट वाटेल, पण ती अजून कुठल्याही यंत्राला हरलेली नाही. त्याच बैठकीत नावांचा क्रमही पाहावा. काही अर्जांत आडनाव आधी असतं, काहींत शेवटी. रकाना चुकला की वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. शिवाय 1 मे 2014 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची नावं महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर आता मूल, आई, वडील, आडनाव या क्रमानं लिहायची आहेत. ही मुलं पक्षकार म्हणून येऊ लागली की चार शब्दांच्या नावातला कुठला शब्द कुठल्या रकान्यात, हा प्रश्न रोजचा होईल.

चूक निसटलीच, तर पुढे काय होतं? न्यायालयाच्या दृष्टीनं एका अक्षरानं व्यवहार रद्द होत नाही. माणूस कोण हे ठरत असेल, तर नावाच्या लेखनातली चूक त्याचा हक्क मारत नाही. त्रास होतो तो नोंदींच्या पातळीवर. आपल्या उदाहरणात सूची दोनवरून फेरफार सुरू होतो, नोटीस निघते, आणि मंडळ अधिकाऱ्यासमोर सातबाऱ्यावर ‘काणे’, सूचीवर ‘काने’ असं येतं. विकणारी व्यक्ती नोंदीतली मालकच आहे का, एवढाच त्याचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. दस्तातलं ‘व्यक्ती एकच आहे’ हे वाक्य असेल तर तो तिथेच सुटतो. नसेल तर फेरफार रखडतो, आणि बँकेला फेरफार झालेला उतारा हवा असेल तर तीही थांबते.

दुरुस्तीचा मार्ग चूक कुठे आहे त्यावर ठरतो. दस्तात नाव बरोबर आणि फक्त सूचीत चुकलं असेल, तर निबंधक कार्यालयाकडे अर्ज करून सूची दुरुस्त करून मागता येते. दस्तातच चुकलं असेल, तर नोंदलेल्या पानावर पेनानं खाडाखोड करता येत नाही. चूकदुरुस्ती लेख करून तो नोंदवावा लागतो आणि त्यावर मूळ व्यवहारातल्या दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. दोन्ही भाषांतला मजकूर असेल तर लेखातही दोन्ही भाषांत ‘अमुक ऐवजी अमुक वाचावे’ असं हवं, नाहीतर इंग्रजी सुधारतं आणि मराठी तसंच राहतं. सातबाऱ्यावर जुनी लेखनचूक असेल, हस्तलिखितावरून संगणकावर घेताना ‘णे’चा ‘ने’ झाला असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा, सोबत जुना हस्तलिखित उतारा जोडायचा. आधारवरचं नाव बदलण्याची सवलत आयुष्यात 2 वेळाच आहे. ती वापरताना मराठी ओळही त्याच वेळी नीट करून घ्यावी. राजपत्रात नाव छापून आणण्याची गरज मात्र ज्याला नाव खरोखर बदलायचं आहे त्यालाच असते. वेलांटीच्या फरकासाठी लोकांना तो खर्च करायला लावणं अन्यायाचं आहे.

दस्तात कधी कधी ‘दोन मजकुरांत तफावत आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा’ असं कलम असतं. अटींच्या अर्थासाठी ते उपयोगी आहे. नावाच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. ते पक्षकारांना बांधतं, तलाठ्याला, बँकेला किंवा आयकर खात्याला नाही. त्यांना त्यांच्या नोंदीशी जुळणारं नाव हवं असतं.

पक्षकार संस्था असेल तर नियम थोडा बदलतो. कंपनीचं कायदेशीर नाव तिच्या स्थापनेच्या प्रमाणपत्रावर इंग्रजीत असतं. त्यामुळे मराठी मजकुरात ते उच्चारानुसार देवनागरीत लिहावं, ‘प्रायव्हेट लिमिटेड’सकट, त्याचं ‘खासगी मर्यादित’ करू नये. सोबत इंग्रजी नाव आणि 21 अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक द्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्थेचं बहुधा उलट असतं. तिचं नोंदणी प्रमाणपत्र मराठीत असेल तर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ हे मूळ रूप, आणि इंग्रजी नाव संस्थेच्या शिक्क्यावर किंवा लेटरहेडवर जसं आहे तसं घ्यायचं. शिक्का आणि लेटरहेड यांतच स्पेलिंग वेगळं निघालं, तर बँक खात्यावरचं आणि पॅनवरचं रूप मानावं आणि नोंदणी क्रमांक दोन्ही भाषांत जोडावा.

परदेशातून येणाऱ्या कुलमुखत्यारपत्रासाठी नामपत्रक सगळ्यांत आधी तयार लागतं. काणेबाईंची बहीण अमेरिकेत असेल आणि सहहिस्सेदार म्हणून तिची सही हवी असेल, तर तिकडचा नोटरी तिचं नाव पासपोर्टप्रमाणेच लिहील आणि त्यावर अपोस्टील होईल. त्या कागदात सातबाऱ्यावरचं देवनागरी रूप आणि पॅनवरचं रूप आधीच घालून पाठवलं नसेल, तर इथे आल्यावर ते घालता येत नाही. नवा कागद करून तो पुन्हा तिकडूनच मागवावा लागतो. म्हणून मसुदा इकडून ईमेलनं जाण्याआधी नामपत्रकातल्या सगळ्या ओळी त्यात आहेत ना, हे पाहून मगच तो पाठवावा.